इस्पितळात असलेल्या मित्रासाठी आठ ओळी

प्रश्न: माझा बालमित्र देवगडला ट्रॉलरवर तांडेल आहे. जुलैत पावसात जेटीवर घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. गोव्याला बांबोळीला नेऊन रॉड घातला, ऑपरेशनला चार दिवस झाले. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठेल आणि बोट त्याच्याशिवाय जाईल, हे त्याला खातंय. एरवी थट्टेखोर माणूस, आता फोनवर नुसतं हं-हं करतो. बोटीला नवा रंग काढलाय, निळा सांगितला होता पण इतका गडद आला की काळाच दिसतो, त्यावरून धक्क्यावर रोज वाद चालतात. पावसात आम्ही दोघं सुका बांगडा भाजून पेजेबरोबर खातो, यंदा तेही नाही. रविवारी त्याला बघायला जाणार आहे, त्याआधी चार ओळी पाठवाव्यात असं वाटतं. मी लिहिलं ते असं: 'नको करू तू काळजी / होशील लवकर बरा / हसत राहा नेहमी / मित्र आहेस तू खरा'. वाचून मलाच ते खोटं वाटलं. काय करू? आम्ही आपसात मालवणीच बोलतो.

उत्तर: तुम्हाला हव्या असलेल्या ओळी तुम्ही लिहून झाल्या आहेत. फक्त त्या कवितेत नसून प्रश्नात आहेत. काळा दिसणारा निळा रंग, धक्क्यावरचे वाद, सुका बांगडा आणि पेज, बोट त्याच्याशिवाय जाणार ही सल, हे सगळं तुमचं आणि त्याचं आहे. कविता लिहायला घेतल्यावर मात्र तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि कुणीही कुणालाही पाठवू शकेल अशा चार ओळी जुळवल्यात. लग्नपत्रिका, मानपत्रं, निरोपाच्या ओळी, आजारी माणसासाठी चार शब्द असं लोकांना लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. बहुतेक जण इथेच अडतात. कागद समोर आला की माणूस आपलं बोलणं सोडतो आणि सगळे जे बोलतात ते बोलायला लागतो.

तुमच्या चार ओळी तुमच्या मित्राच्या कानांनी ऐकून बघू. 'नको करू तू काळजी' ही सूचना आहे. काळजी त्याने मुद्दाम धरलेली नाही, त्यामुळे सांगून ती सुटणार नाही. 'होशील लवकर बरा' हा शब्द तुम्ही देताय, पण तो पाळणं तुमच्या हातात नाही. मोडलेलं मांडीचं हाड नीट जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि डेकवरच्या जड कामाला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. डॉक्टरांनी त्याला हे सांगितलं असणारच. तेव्हा तुमची ओळ वाचून त्याच्या मनात येईल की याला काही माहीत नाही. तिसरी ओळ सगळ्यांत जड. 'हसत राहा' म्हटलं की आजारी माणसावर एक काम वाढतं: दुखत असताना भेटायला येणाऱ्यासमोर चेहरा सांभाळायचा. फोनवरचं त्याचं हं-हं मला तरी ते काम नाकारल्यासारखं वाटतं. चौथी ओळ यमकाने ओढून आणलेली आहे. 'बरा' आला की मागोमाग 'खरा' येतो, नाहीतर 'झरा' येतो. 'आनंद' आला की 'सुगंध' आणि 'छंद' दारात उभेच असतात. यमक आधी ठरवून ओळ मागून लिहिली की ओळीचा विषय यमक होतं, मित्र राहत नाही.

म्हणून नियम म्हणा, सवय म्हणा, मी एवढंच पाळतो: अशा ओळींत त्याला काही करायला सांगायचं नाही आणि पुढचं काही कबूल करायचं नाही. हे दोन्ही काढलं की उरते बातमी. पडून असलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त तीच हवी असते. वॉर्डात त्याला दिवसभर स्वतःच्या पायाबद्दलच बोलावं लागतं, कारण सिस्टर तेच विचारतात, डॉक्टर तेच विचारतात आणि बघायला येणारेही तेच विचारतात. पाय सोडून दुसरं काहीतरी घेऊन आलेला कागद त्याला थोडा वेळ तरी धक्क्यावर नेईल.

पण नुसती गमतीची बातमी दिली आणि मुख्य दुखणं टाळलं, तर तोही खोटेपणाच झाला. बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला बोटी सुटणार हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि त्याला तर ते झोपेतही आठवत असेल. तुम्ही बोटीच्या रंगाबद्दल लिहिलंत आणि ती जाणार हे लिहिलं नाहीत, तर तो न लिहिलेली ओळच वाचत बसेल. त्यामुळे आठ ओळींपैकी दोन त्या दुःखाला द्यायच्या. दोनच द्यायच्या, आणि मध्ये द्यायच्या. सुरुवातीला दिल्या तर तो कागद मिटून ठेवेल. शेवटी दिल्या तर वाचून झाल्यावर तेवढंच त्याच्याजवळ उरेल.

आता छंद. तुम्ही न ठरवता अष्टाक्षरीत शिरला आहात, आणि तीच योग्य आहे. ओळीत आठ अक्षरं, दोन दोन ओळींना यमक, झालं. इथे लघु-गुरू बघायचे नाहीत, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं: 'दर्यात' हा शब्द द, र्या, त असा तीन अक्षरांचा. तुमच्या दुसऱ्या ओळीत नऊ अक्षरं झाली आहेत, हो-शी-ल-ल-व-क-र-ब-रा, म्हणून ती म्हणताना जीभ अडखळते. बोटांवर मोजलंत तर लगेच सापडेल. आणखी एक बघा. प्रत्येक ओळ चार-चार अक्षरांवर तुटत असेल तर ओळी बडबडगीतासारख्या वाजायला लागतात. काही ओळी चारवर थांबू द्या, काही तीनवर किंवा पाचवर. ओळी बोलल्यासारख्या वाटतात त्या या लहानशा विषमतेमुळे. अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा साचाही सुंदर आहे, पण त्याच्या चालीतच भजन आहे. भजनी मंडळात बसणारा मित्र असेल तर तो घ्या, थट्टेखोर तांडेलाला अष्टाक्षरी बरी.

भाषेबद्दल मला शंकाच नाही. आयुष्यभर ज्याच्याशी मालवणी बोललात त्याला प्रमाण मराठीत लिहिलंत तर पहिल्याच शब्दाला त्याला कळेल की काहीतरी गंभीर आहे. मालवणीत लिहा, आणि लिहिताना तुम्ही बोलता तशीच लिहा. शब्दांची रूपं गावागावात थोडी बदलतात, ती तुमच्या गावचीच ठेवा.

आता प्रत्यक्ष जुळवू. पहिली दोन ओळींची जोडी सोपी आहे, कारण बातमीच गमतीची आहे:

बोट रंगवन झाली
निळी नाय, काळी इली

बोट रंगवून झाली, निळी नाही, काळी आली. बोट, तिचा रंग आणि धक्क्यावरचा वाद एवढ्यात आला. वाद चाललाय असं वेगळं लिहायची गरज नाही. हे वाचून कोण काय म्हणालं असेल ते तो स्वतःच मनात ऐकेल, आणि बघितल्याशिवाय त्याला राहवणार नाही. त्याच्या मनाला थोडं काम मिळालं तर ते चांगलं आहे, कारण हे काम चेहरा सांभाळण्याचं नाही.

दुसऱ्या जोडीला जपायला हवं. इथे हात आपोआप नारळी पौर्णिमेकडे जातो. 'पुनवेक येतलंस' ही अगदी आठ अक्षरांची, गोड वाजणारी ओळ आहे, आणि तिच्यापुढे दर्याला नारळ वाढवणं, नवं जाळं असं सगळं सुचत जाईल. ती लिहू नका. पौर्णिमा ऑगस्टात येते, आणि तोवर तो डेकवर उभा राहणार नाही. पौर्णिमेला तो घरी पडून असेल आणि तुमचा कागद उशाशी असेल, तेव्हा ती ओळ त्याला काय सांगेल याचा विचार करा. त्याऐवजी जे घडणार आहे तेच साधेपणाने सांगा:

एक तारखेक जाता
कळता, तुका ता खाता

एक तारखेला ती जाते, कळतंय, तुला ते खातंय. बोट त्याच्याविना जाणार हे तुम्ही लपवलं नाहीत, आणि समजूतही घातली नाहीत. 'पण', 'तरी', 'असू दे' असला एकही शब्द पुढे जोडू नका. 'पण पुढच्या वर्षी' असं लिहायचा मोह होईलच. तसं लिहिलं की 'कळता' या शब्दाचा काही उपयोग उरत नाही, कारण ज्याला कळलंय तो लगेच पुढच्या वर्षाकडे पळत नाही. ओळ संपली की पुढच्या जोडीत विषय बदला. एरवी गप्पा मारतानाही आपण तेच करतो: जड गोष्ट एकदा बोलून होते, मग कुणीतरी जेवणाचा विषय काढतो.

म्हणून तिसरी जोडी बांगड्याची. इथे यमकाने तुम्हाला ओढायचा प्रयत्न केला तर सावध राहा. 'बांगडो' ओळीच्या शेवटी ठेवलात की जिभेवर येणारा पहिला शब्द 'लंगडो'. तुमच्या दोघांची मैत्री अशी असेल की समोर बसून तुम्ही त्याला असं म्हणालात तर तो शिवी घालून हसेल. पण कागदावर तसं चालत नाही. तिथे तुमचा आवाज नसतो, तुमचा चेहरा नसतो, आणि तो कागद बहुधा त्याची बायको किंवा आई मोठ्याने वाचून दाखवणार असते. तिला तो शब्द उच्चारावा लागेल. शरीराबद्दलची थट्टा समोरासमोरच्या गप्पांत ठेवा, आणि तीसुद्धा त्याने स्वतः सुरू केल्यावर. कागदावर थट्टा करायचीच तर लिहिणाऱ्याची करा:

बांगडो मियां भाजलो
तुझो वाटोव मी खाल्लो

बांगडा मी भाजला, तुझा वाटाही मीच खाल्ला. तुम्ही दोघं जेवता त्यात त्याचा वाटा होता, तो धरला गेला होता, हे या ओळीत न सांगता आलं आहे. 'तुझी आठवण येते' असं लिहिण्यापेक्षा हे जास्त खरं आहे, आणि त्याला त्यावर भावुक व्हावं लागत नाही. बळी गेलेल्या वाट्यावरून तो तुम्हाला चार शब्द सुनावू शकतो, म्हणजे त्याला त्याच्या जुन्या सुरात बोलायला जागा मिळते. 'भाजलो' आणि 'खाल्लो' हे यमक घट्ट नाही. राहू द्या तसंच. फार घासून पुसून काढलेलं यमक बघितलं की माणसाला वाटतं, हा आपल्यासाठी नाही, कवितेसाठी बसला होता.

शेवटची जोडी तुमच्या येण्याची. हे एकच पुढचं सांगणं आहे जे पाळणं तुमच्या हातात आहे:

आयतारी येतलंय
गजाली हाडतलंय

रविवारी येईन, गप्पागोष्टी घेऊन येईन. काय हवंनको विचारलं नाही, कसा आहेस विचारलं नाही. गजाली आणायच्या तुम्ही, त्याने पडून ऐकायच्या. मात्र रविवारी जाणं पक्कं असेल तरच हे लिहा. बांबोळी काही जवळ नाही, त्यात पावसाचे दिवस. थोडीही शंका असेल तर जोडी बदला: 'राती फोन करतंय / गजालीव सांगतंय'. हीही आठ-आठच आहे, आणि रात्री फोन करणं तुम्हाला नक्की जमेल. तारीख देऊन न येणारा माणूस ही इस्पितळातली फार मोठी निराशा असते, कारण तिथे वाट बघण्याखेरीज दुसरं काही घडत नाही.

सगळं एकत्र असं होईल:

बोट रंगवन झाली
निळी नाय, काळी इली
एक तारखेक जाता
कळता, तुका ता खाता
बांगडो मियां भाजलो
तुझो वाटोव मी खाल्लो
आयतारी येतलंय
गजाली हाडतलंय

खाली छंदाबाहेर साध्या अक्षरात एवढं लिहा: 'उत्तर धाडू नको.' हे मी आवर्जून लिहायला सांगतो. आजारी माणसाला आलेला प्रत्येक निरोप म्हणजे त्याच्या डोक्यावर एक उत्तर चढतं, आणि ऑपरेशननंतरच्या दिवसांत वेदनाशामक औषधांच्या गुंगीत ते उत्तर लिहिणं जमत नाही याचीही त्याला टोचणी लागते.

आणखी जोड्या घालू नका. तुम्हाला पाचवी सुचेल, सहावीही सुचेल. आडवं पडून कागद डोळ्यांसमोर धरला की हात भरून येतो, आणि औषधांमुळे वाचताना लक्ष मधेच सुटतं. आठ ओळी एका नजरेत मावतात आणि वाचून दाखवणारीलाही मधे थांबावं लागत नाही.

फोनवर पाठवण्यापेक्षा कागदावर लिहिलंत तर बरं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, अक्षर एरवीपेक्षा मोठं काढा, आणि गडद शाईने लिहा, कारण वॉर्डातला दिवा बहुतेक वेळा कॉटच्या मागे किंवा लांब छतावर असतो. फुलं-फुगे काढू नका. कुणी गोव्याकडे जाणारा असेल त्याच्या हाती द्या, आणि ३१ तारखेच्या आत पोचेल असं बघा. एक तारखेला पोचला तर ती मधली जोडी त्याला त्या दिवसाची दवंडी वाटेल. दोन-तीन दिवस आधी पोचला तर तो दिवस उजाडताना निदान एका माणसाला हे माहीत आहे, एवढं त्याच्याजवळ असेल. माणूस सापडला नाही तर स्वतःच्या आवाजात ओळी म्हणून पाठवा. म्हणताना गाऊ नका, आवाज चढवू नका, रोज बोलता तसं बोला.

पाठवण्याआधी एक परीक्षा करा. त्याला ओळखणाऱ्या, पण ओळी न बघितलेल्या एखाद्या माणसाला, शक्यतो बोटीवरच्याच खलाशाला, नाव न सांगता त्या वाचून दाखवा. कुणाला लिहिलंय हे त्याने लगेच ओळखलं तर ओळी तयार आहेत. 'कुणालाही चालतील' असं तो म्हणाला तर कुठलीतरी ओळ अजून सर्वांची आहे, ती शोधून बदला. दुसरी परीक्षा तुम्हीच करा: सगळी क्रियापदं वाचा आणि त्यांतलं एकही आज्ञेचं नाही ना ते बघा. वरच्या आठ ओळींत एकही नाही. खालच्या 'धाडू नको'त आहे, पण ते त्याच्या डोक्यावरचं काम काढून घेतं, म्हणून ते चालतं.

हीच पद्धत दुसऱ्या दुखण्याला जशीच्या तशी लावू नका. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला किंवा बरगडी मोडलेल्याला हसणंच दुखतं. त्याला रंगाची बातमी द्या, पण हसून लोळवणारी थट्टा दुखणं उतरेपर्यंत थांबवा. लेप्टोसारख्या तापात पहिले दिवस माणूस वाचण्याच्या स्थितीतच नसतो, तेव्हा ओळी घरच्यांकडे द्या आणि केव्हा दाखवायच्या ते त्यांना ठरवू द्या. आणि दुखणं असं असेल की पुढचं कुणालाच सांगता येत नाही, तर पुढची एकही ओळ नको. बोट जाणार, पौर्णिमा येणार हेही नको. आज काय घडलं तेवढंच लिहायचं: अंगणात काय फुललं, कोण येऊन गेलं, पेजेबरोबर काय होतं. त्या वेळी मधली दुःखाची जोडीसुद्धा त्याने आधी विषय काढला असेल तरच.

रविवारी गेल्यावर कागद मिळाला का, कसा वाटला हे विचारू नका. तो उशीखाली दिसेल, किंवा दिसणार नाही, किंवा तो आपणहून म्हणेल, 'माझो वाटो खाल्लंस काय रे?' काही बोलला नाही तर बोटीच्या रंगापासून सुरुवात करा आणि धक्क्यावर कोण कुणाशी काय भांडला ते नावानिशी सांगा.